दुरुस्तीचा खर्च कुठे लिहायचा?

मैत्रिणींनो, समजा आपल्या गटाने जाड कॅनव्हासच्या 100 पिशव्या शिवल्या. खर्च 4,000 रुपये, म्हणजे पिशवीमागे 40. जाड कापडावर टाके सुटले, म्हणून 10 पिशव्या उसवून पुन्हा शिवाव्या लागल्या. दोरा 20 आणि मजुरी 180, असे 200 रुपये वाढले. दोष याच कापडामुळे आला, म्हणून खर्च याच ऑर्डरवर लिहू. पिशवी 42 रुपयांना पडली.

पण अधूनमधून दोरा तुटून होणारी दुरुस्ती प्रत्येक ऑर्डरीत असते. ती सामान्य खर्चात धरून महिन्याच्या सगळ्या पिशव्यांवर वाटू. 500 पिशव्यांवर 200 रुपये, म्हणजे पिशवीमागे 40 पैसे.

कॅनव्हासचे 200 रुपयेही तिथेच घातले, तर साधी पिशवी उगाच महाग दिसते आणि पुढची कॅनव्हासची ऑर्डर आपण कमी दरात घेऊन बसतो.