तिकीट दीडशेचं की दोनशे सत्तरचं?

कॉलेजच्या फेस्टच्या पहिल्या मीटिंगला मुलं दोन आकडे घेऊन येतात. तीन लाखांची स्पॉन्सरशिप आणायची आणि तिकीट दीडशे ठेवायचं. तीन लाख ही मुलांची इच्छा असते आणि दीडशे रुपये गेल्या वर्षीचे असतात. आमच्या कॉलेजच्या फेस्टचा हिशेब मी काही वर्षं सांभाळला. तेव्हापासून मी मुलांना आधी खर्च लिहायला बसवतो.

दोन हजार विद्यार्थ्यांच्या कॉलेजचा दोन दिवसांचा फेस्ट धरू. स्टेज साठ हजार, साउंड आणि लाइट एक लाख दहा हजार, जनरेटर तीस हजार, असे दोन लाख झाले. इथेच पहिली चूक होते. साउंडवाल्याच्या कोटेशनखाली बारीक अक्षरांत ‘जीएसटी वेगळा’ असं लिहिलेलं असतं. अठरा टक्क्यांनी दोन लाखांचे दोन लाख छत्तीस हजार होतात. जनरेटरचं डिझेल, सामानाची गाडी, चढवणं-उतरवणं, साउंड चेकसाठी आदल्या संध्याकाळपासूनचं भाडं, यातलं काय धरलंय आणि काय नाही, हे कोटेशनवरच लिहून घ्यावं. तोंडी ‘सगळं आलं त्यात’ म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, पण त्याचं ‘सगळं’ आणि आपलं ‘सगळं’ एक नसतं.

बक्षिसांना साठ हजार, बँडला एक लाख आणि परीक्षक, छपाई, सुरक्षारक्षक, परवानग्या यांना मिळून चौपन्न हजार धरले, की साडेचार लाख होतात. त्यावर दहा टक्के अडीअडचणीला ठेवले, तर चार लाख पंचाण्णव हजार. दोनशे माणसं येवोत की दोन हजार, हा खर्च हलत नाही. माणसागणिक वाढणारा खर्च वेगळा मांडायचा. मनगटाचा पट्टा आणि खाण्याचं कूपन मिळून तो माणशी पस्तीस रुपये धरू.

आता जमेची बाजू. कॉलेजचा निधी एक लाख आणि मुलांच्या वहीत स्पॉन्सरचे तीन लाख. ती वही मी उघडून बघतो. एक लाख वीस हजारांचे चेक आलेत, ऐंशी हजारांची पत्रं आहेत आणि एक लाख ‘सर, ते देणारच आहेत’ या खात्यात आहेत. एका वर्षी अशाच एका क्लासवाल्यांनी कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी हात वर केले, तेव्हा त्यांचं नाव बॅनरवर छापून झालं होतं. म्हणून मी चेक पूर्ण धरतो, पत्र निम्मं धरतो आणि शब्द धरतच नाही. मग स्पॉन्सरचे एक लाख साठ हजार उरतात आणि निधी मिळून दोन लाख साठ हजार.

तूट दोन लाख पस्तीस हजारांची. तिकीट काढणारे हजार जण धरले तर माणशी दोनशे पस्तीस आणि वर ते पस्तीस, म्हणजे दोनशे सत्तर रुपये. तीनही लाख मिळतील असं धरलं असतं तर हाच हिशेब एकशे तीसवर आला असता, आणि मुलांना दीडशेत फायदाच दिसत होता. खरं तर दीडशेच्या तिकिटातून तूट भरायला एकशे पंधराच उरतात. त्या दराने दोन हजार चव्वेचाळीस तिकिटं खपवावी लागतात, म्हणजे कॉलेजच्या पटापेक्षा जास्त.

दोनशे सत्तर रुपये आमची मुलं देणार नाहीत, हे मला ठाऊक असतं. बँड काढला तर लाख वाचतात, पण हजार माणसं येतात ती बहुधा बँडसाठीच. तिथे हात लावला तर भागाकारातला हजारच डळमळतो. म्हणून मी आधी बक्षिसांकडे वळतो. पुस्तकाच्या दुकानाने चाळीस हजारांची कूपनं दिली आणि ती रोख बक्षिसांऐवजी वाटली, तर तेवढी रक्कम खर्चातून खरोखर पुसली जाते. शीतपेयाचे मोफत खोके मात्र आपल्या यादीतलं काहीच पुसत नाहीत. ते आनंदाने घ्यावेत, पण तीन लाखांच्या उद्दिष्टात मोजू नयेत.

दुसरी जागा मैदानाची. पहिल्या दिवशीचं वक्तृत्व, एकांकिका, नृत्य कॉलेजच्या सभागृहात घेतलं, की मोठं स्टेज-साउंड एकाच दिवसाचं लागतं. भाडं निम्मं होत नाही, कारण उभारणी आणि वाहतूक तेवढीच राहते. तरी दोन लाखांचे एक लाख पंचेचाळीस हजार झाले, तर जीएसटीसकट जवळपास पासष्ट हजार वाचतात. या दोन बदलांनी, अडीअडचणीचा वाटाही त्या मानाने कमी होऊन, तूट एक लाख वीस हजारांच्या आत येते. तिकीट एकशे पंचावन्नवर बसतं. आम्ही एकशे साठ ठेवलं, तर ना नफा ना तोटा गाठायला साधारण साडेनऊशे तिकिटं पुरतात.

तो आकडा मी तिकीट खिडकीच्या वहीवर पहिल्या पानावर लिहून ठेवतो. बँडला दुसरा हप्ता देण्याच्या आदल्या संध्याकाळी वही मागवायची, विकलेली तिकिटं मोजायची आणि साडेतीनशेही झाली नसतील तर त्याच रात्री समितीला बसवायचं. हप्ता गेल्यावर खर्चात कपात करायला हाताशी फारसं काही उरत नाही.