महागाईच्या परीक्षेत सोने आणि बिटकॉइन

सरकारने नोटा भरमसाट छापल्या की चलनाचे मोल घसरते. अशा वेळी बचत कशात ठेवावी, या वादात बिटकॉइनचे समर्थक एक मुद्दा मांडतात: बिटकॉइनची एकूण संख्या 2 कोटी 10 लाखांपलीकडे जाणारच नाही. सोन्याचा साठा मात्र खाणींमुळे दरवर्षी दीड-दोन टक्क्यांनी वाढतो.

या दाव्याची खरी परीक्षा 2022 मध्ये झाली. जूनमध्ये अमेरिकेतील महागाई 9.1 टक्क्यांवर गेली. बिटकॉइन वधारायला हवे होते. पण नोव्हेंबर 2021 मध्ये सुमारे 69 हजार डॉलरवर असलेले बिटकॉइन वर्षभरात 16 हजारांच्या आसपास आले. सोने डॉलरमध्ये वर्षाअखेरीस जवळपास होते तिथेच राहिले. रुपया घसरल्याने भारतात तर ते महागलेच.

असे का झाले? महागाई रोखण्यासाठी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर झपाट्याने वाढवले. स्वस्त कर्जाच्या काळात बिटकॉइनमध्ये आलेला सट्ट्याचा पैसा बाहेर पडला. सोन्याला मात्र जगभरच्या मध्यवर्ती बँकांचा आधार होता. त्यांनी त्या वर्षी हजार टनांहून अधिक सोने घेतले.

पुरवठा मर्यादित असला, तरी किंमत टिकवते ती मागणी. पुढे बिटकॉइनने उसळी घेतली हे खरे, पण लग्नासाठी किंवा आजारपणासाठी ठेवलेला पैसा तेवढी वाट पाहू शकत नाही. म्हणून गरजेची बचत बिटकॉइनमध्ये ठेवू नये.