घडाच्या फोटोवरून केळ्याची जात

महाराष्ट्राच्या बाजारात वर्षभर दिसणारी बहुतेक केळी कॅव्हेंडिश गटातली असतात. जळगावची बसराई, तिच्यातून निवडलेली श्रीमंती आणि ऊतिसंवर्धित रोपांमुळे सगळीकडे पसरलेली ग्रँड नैन ही सगळी याच गटातली. वसई-पालघर भागातली सफेद वेलची, लाल वेलची आणि राजेळी, सालीने तांबडी असलेली लाल केळी, गोव्यातली जाड सालीची सालदाटी या मात्र वेगळ्या घराण्यांतल्या जाती आहेत. घडाचा एखादा बरा फोटो हाती असेल तर यांतल्या बऱ्याच जाती वेगळ्या काढता येतात. त्यासाठी घडाची ठेवण, फळाचे माप आणि सालीचा रंग याच क्रमाने पाहिलेले चांगले. रंग सगळ्यात आधी डोळ्यांत भरतो, पण फसवतोही तोच सगळ्यात जास्त.

घड पाहताना पहिले काम म्हणजे त्याची वरची बाजू ठरवणे. झाडावर लटकलेल्या घडात ती उघड असते. पण कापून ठेवलेले घड फोटोत अनेकदा उलटे किंवा आडवे असतात. दांड्याचे जाड, कापलेले टोक वरचे. जिकडे दांडा बारीक होत जातो आणि केळफूल लटकते ते खालचे. वरच्या फणीतली केळी मोठी आणि जास्त वाकलेली, खालच्या फण्यांतली लहान होत गेलेली असतात. हे लक्षात न घेता शेवटच्या फणीवरून जात ठरवली तर ग्रँड नैनचे फळही दुसऱ्याच जातीचे वाटू शकते. अभ्यासात आणि व्यापारात म्हणूनच वरून दुसऱ्या फणीच्या बाहेरच्या रांगेतले मधले केळे मापासाठी घेतात. फोटोतही तेच पाहावे.

मग घडाचा एकूण आकार. ग्रँड नैनचा घड वरपासून खालपर्यंत जवळजवळ सारख्या घेराचा, लंबगोल नळ्यासारखा दिसतो. फण्या एकसारख्या अंतरावर आणि केळी वरच्या दिशेने वळलेली. बसराईचा घड खाली निमुळता होत जातो. वेलचीच्या घडात फण्या एकमेकींना इतक्या चिकटून असतात की मधला दांडा क्वचितच दिसतो. राजेळी याच्या अगदी उलट. ती केरळच्या नेंद्रन गटातली जात आहे. तिच्या घडात मोजक्याच फण्या, प्रत्येक फणीत मोजकीच केळी आणि दोन फण्यांच्या मध्ये दांडा मोकळा दिसेल एवढी जागा असते. घट्ट घड आणि सुटा घड हा फरक मोबाइलच्या लहान पडद्यावरही कळतो, त्यामुळे सुरुवात इथून करणे सोयीचे.

फण्यांच्या संख्येला मात्र फार महत्त्व देऊ नये. निर्यातीच्या बागांत केळफूल मोडून टाकतात आणि खालच्या फण्याही काढतात, म्हणजे उरलेल्या केळ्यांना पोसायला अन्न मिळते. अशा घडाच्या दांड्यावर नीट पाहिले तर फणी कापल्याच्या खुणा दिसतात. त्या दिसल्या की ‘या जातीला इतक्याच फण्या येतात’ असा निष्कर्ष काढता येत नाही. कडाक्याच्या थंडीत निसवलेला घडही लहान आणि आखूड राहतो. त्याचा संबंध हंगामाशी आहे, जातीशी नाही.

फळाच्या आकारात लांबीपेक्षा लांबी आणि जाडीचे प्रमाण जास्त उपयोगी पडते, कारण फोटोत खरी लांबी कळतच नाही. पोसलेले कॅव्हेंडिश केळे साधारण 18 ते 23 सेंटीमीटर लांब असते आणि जाडीच्या पाचपट किंवा थोडे जास्त भरते. वेलचीचे केळे 10 ते 12 सेंटीमीटरचे, जाडीच्या साडेतीन-चारपट. लाल केळे मध्यम लांबीचे पण चांगलेच जाड. राजेळी 20 सेंटीमीटरच्या पुढे जाते आणि पिकल्यावरही तिच्या अंगावरच्या कडा स्पष्ट राहतात; फणीला जोडणारी तिची मानही लांब असते. पिकलेल्या कॅव्हेंडिशच्या कडा मोडून ते बरेच गोल झालेले असते.

इथे एक शंका नेहमी येते. फोटोतले आखूड केळे वेलचीचे आहे की न पोसलेल्या ग्रँड नैनचे? केळे आधी लांबते आणि मग भरते. कोवळ्या कॅव्हेंडिशची लांबी बरीचशी आलेली असते, पण अंग भरलेले नसते; ते बारीक आणि धारदार कडांचे दिसते. म्हणजे कोवळेपणी लांबी-जाडीचे प्रमाण वाढते, घटत नाही. आखूड आणि गुबगुबीत केळे दिसले तर ते कोवळे कॅव्हेंडिश नव्हे.

केळ्याचे टोकही मोठे करून पाहण्यासारखे असते. कॅव्हेंडिशचे टोक बोथट असते. वेलचीचे टोक एकदम निमुळते होते आणि सुकलेल्या फुलाचा काळपट अवशेष अनेकदा त्याला चिकटलेला राहतो. हाताळणीत तो गळू शकतो, म्हणून एका केळ्यावर नसला तर आतल्या रांगेतली केळी पाहावीत. तिथे तो टिकण्याची शक्यता जास्त असते.

रंगाचा गोंधळ मुख्यतः कॅव्हेंडिशमुळे होतो. या गटातली केळी साधारण 24 अंश सेल्सिअसच्या वर पिकली तर गर मऊ आणि गोड होतो, पण सालीतले हरितद्रव्य पुरते जात नाही. साल हिरवट राहते. तीच केळी पिकवणगृहात इथिलीन वायू देऊन 16 ते 18 अंशांना पिकवली की एकसारखी पिवळी होतात. त्यामुळे शेताच्या बांधावर उन्हाळ्यात पिकलेला हिरवट घड आणि शहरातल्या दुकानातली पिवळीधमक फणी एकाच बागेतली असू शकते. ‘हिरवी साल’ आणि ‘पिवळी साल’ अशा दोन जाती मानण्याची चूक इथूनच होते. वेलची मात्र उबेतही सोनेरी पिवळी होते. राजेळीचा पिवळा रंग मंद, मातकटाकडे झुकणारा असतो.

लाल केळ्यात गोष्ट सोपी वाटते. कच्चेपणी गडद किरमिजी, पिकताना नारिंगीकडे जाणारी साल दुसऱ्या कुठल्याही परिचित जातीत नाही. पण लाल केळीच्या झाडाला कधीकधी पूर्ण हिरवी साल असलेला घड लागतो, कारण लाल रंगद्रव्य तयार करण्याचा गुण वाढीच्या काळात काही पेशींमधून निघून जातो. घडाची ठेवण आणि फळाचा जाडपणा तोच, फक्त लाली नाही. याउलट लाल वेलचीची साल पिकल्यावर पिवळीच असते. तिची लाली पाहायची ती पानाच्या मधल्या शिरेच्या पाठीवर, गुलाबी छटेच्या रूपात. फोटोत पान नसेल तर हा पुरावा हातचा गेला.

फोटोतला रंग प्रकाशावरही ठरतो. घडावर निळी प्लास्टिकची पिशवी असेल किंवा वर हिरवी शेडनेट असेल तर साल त्या रंगाकडे झुकते. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली हिरवट केळेही पिकल्यासारखे दिसते. फोटोत एखादा पांढरा कागद किंवा चुन्याची भिंत असली तर ती पांढरी दिसते का, हे आधी पाहावे. ती निळसर दिसत असेल तर सालीच्या रंगाबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

आता एक फोटो घेऊन हे सगळे क्रमाने लावून पाहू. वसईतल्या एका परसात टांगलेला हिरवा घड आहे आणि मापासाठी दुसऱ्या फणीला टेकवून 10 रुपयांचे नाणे धरलेले आहे. फण्या एकमेकींवर चढलेल्या आहेत आणि दांडा जवळजवळ झाकलेला आहे. म्हणजे राजेळी बाद. 10 रुपयांच्या नाण्याचा व्यास 27 मिलिमीटर असतो. फोटो मोठा केल्यावर नाणे 54 बिंदू रुंद भरते, तेव्हा दोन बिंदू म्हणजे एक मिलिमीटर. मधल्या केळ्याची बाहेरच्या वळणावरून मोजलेली लांबी 230 बिंदू, म्हणजे साडेअकरा सेंटीमीटर. जाडी 64 बिंदू, म्हणजे 3.2 सेंटीमीटर. प्रमाण सुमारे साडेतीन. इथे कॅव्हेंडिशही बाद होते. टोके निमुळती असून त्यांवर सुकलेले अवशेष आहेत. घड वेलचीचा आहे हे इतक्यावर ठरते, पण सफेद की लाल हे ठरत नाही. त्यासाठी पानाची मधली शीर दाखवणारा दुसरा फोटो लागेल.

या मोजणीत एक अट आहे. नाणे केळ्याच्याच अंतरावर हवे. ते कॅमेऱ्याच्या हातभर जवळ धरले तर मोठे दिसते आणि केळी आपोआप लहान ठरतात. मोबाइल घडाला अगदी खेटून फोटो काढला तर समोरची फणी फुगलेली आणि वरची-खालची लहान दिसते. निमुळता नसलेला घडही निमुळता भासतो. दोन मीटर मागे जाऊन, घडाच्या मध्याच्या उंचीवरून काढलेला फोटो यासाठी बरा.

शक्य असेल तेव्हा केळफूल आणि पानाचा देठ यांचेही फोटो घ्यावेत. सिमंड्स आणि शेफर्ड या संशोधकांनी 1955 साली खाद्य केळ्यांचे वर्गीकरण मांडले. मुसा अक्युमिनाटा आणि मुसा बाल्बिसियाना या दोन रानटी जातींपैकी कुठल्या जातीचा वाटा किती, हे त्यांनी 15 लक्षणांवरून ठरवले आणि त्यांतली बरीच लक्षणे केळफुलावर आणि देठावर आहेत. केळफुलाची पाकळीसारखी आवरणे उघडल्यावर मागे गुंडाळली जात असतील आणि देठावरची पन्हळ उघडी असेल तर झुकाव अक्युमिनाटाकडे. कॅव्हेंडिश आणि लाल केळी पूर्णपणे तिच्याच वंशातली. आवरणे वर उचलली जातात पण गुंडाळत नाहीत, आणि पन्हळीच्या कडा मिटलेल्या आहेत, तर बाल्बिसियानाचा वाटा मोठा; काही भाजीच्या केळ्यांत तो दिसतो. वेलची आणि राजेळी या दोहोंच्या संकरातून आलेल्या आहेत.

कॅव्हेंडिश गटाच्या आत मात्र फक्त घडाचा फोटो फार पुढे नेत नाही. बसराई, श्रीमंती आणि ग्रँड नैन यांच्या केळ्यांत रंगाचा किंवा चवीच्या घराण्याचा फरक नाही. जो आहे तो मुख्यतः झाडाच्या उंचीचा. बसराई दीड ते पावणेदोन मीटरची, आखूड आणि रुंद पाने दाटीने आलेली. ग्रँड नैन दोन मीटरच्या वर जाते. श्रीमंती या दोघींच्या मधली. चांगले खत-पाणी मिळालेल्या बसराईचा घड भरघोस होऊन ग्रँड नैनसारखा दिसू शकतो, आणि दुर्लक्षित बागेतली ग्रँड नैन बसराईसारखी. अशा वेळी बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पूर्ण झाड, शेजारी उभा माणूस आणि लटकलेला घड एकाच फोटोत असेल तरच नाव सांगावे. नाहीतर ‘कॅव्हेंडिश गट’ एवढेच लिहिणे योग्य.