आठशे ठोक्यांची एक ओळ

व्हीजीए मॉनिटरला चित्र म्हणून एखादी फाइल मिळत नाही. त्याला पाच तारांवरून पाच संकेत मिळतात: लाल, हिरवा आणि निळा रंग किती तेजाने दाखवायचा हे सांगणारे तीन, नवी ओळ कधी सुरू करायची हे सांगणारा एक आणि नवी चौकट कधी सुरू करायची हे सांगणारा एक. शेवटच्या दोघांना अनुक्रमे आडवा सिंक आणि उभा सिंक म्हणतात. हे पाचही संकेत एफपीजीए या चिपमधून थेट काढता येतात. या चिपमधले तर्कमंडल हवे तसे जोडता येते आणि ती जोडणी व्हेरिलॉगसारख्या हार्डवेअर वर्णनभाषेत लिहिली जाते. साध्या चाचणीचित्रासाठी प्रोसेसर लागत नाही, चित्र साठवायला मेमरीही लागत नाही. दोन काउंटर पुरतात.

आयबीएमने १९८७ मध्ये व्हीजीए आणले तेव्हा पडदे काचेच्या नळीचे होते. इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे एक ओळ रेखाटत जाई आणि मग परत डावीकडे येई. तळाशी पोचल्यावर त्याला पुन्हा वर जावे लागे. या परतीला वेळ लागतो आणि त्या वेळात पडद्यावर काही उमटता कामा नये. म्हणून ६४० पिक्सेलच्या ओळीला प्रत्यक्षात घड्याळाचे ८०० ठोके दिले गेले. ६४० ठोके चित्राचे, मग १६ ठोक्यांची मोकळी जागा, म्हणजे फ्रंट पोर्च, मग ९६ ठोके सिंकची तार खाली, आणि शेवटी ४८ ठोक्यांचा बॅक पोर्च. उभ्या दिशेलाही हाच क्रम आहे, फक्त तिथे ओळी मोजायच्या: ४८० दिसणाऱ्या, १० मोकळ्या, २ सिंकच्या आणि ३३ मोकळ्या, एकूण ५२५. नळी इतिहासजमा झाली तरी हे वेळापत्रक तसेच राहिले, कारण मॉनिटर चित्राची हद्द त्यावरूनच ओळखतो.

८०० ला ५२५ ने गुणले की एका चौकटीचे ४,२०,००० ठोके होतात. प्रमाणित घड्याळ सेकंदाला २५.१७५ दशलक्ष ठोक्यांचे असते, त्यामुळे सेकंदाला साधारण ५९.९४ चौकटी मिळतात. पण ही वारंवारता साध्या भागाकाराने क्वचितच मिळते. शिकणाऱ्यांच्या हाती बरेचदा दिसणाऱ्या बेसिस ३ या बोर्डावर १०० मेगाहर्ट्झचे घड्याळ आहे. त्याला चारने भागले की बरोबर २५ मेगाहर्ट्झ मिळतात, म्हणजे सेकंदाला ५९.५२ चौकटी. एवढा फरक मॉनिटर सहसा निमूट खपवून घेतो.

चारने भागताना मात्र एक पथ्य पाळायचे. भागून आलेला संकेतच पुढच्या मंडलाला घड्याळ म्हणून जोडायचा मोह होतो. एफपीजीएमध्ये घड्याळासाठी वेगळ्या खास वाटा असतात. साध्या तर्कमंडलातून आलेला संकेत त्या वाटेने गेलाच नाही, तर वेगवेगळ्या भागांत तो मागेपुढे पोचतो. म्हणून सगळे मंडल १०० मेगाहर्ट्झवरच चालवायचे आणि दर चौथ्या ठोक्याला `tick` ही परवानगी द्यायची. पुढे मोजायचे ते याच परवानगीचे ठोके. गाभा मग एवढाच उरतो:

```verilog
always @(posedge clk)
  if (tick) begin
    if (h == 799) begin
      h <= 0;
      v <= (v == 524) ? 0 : v + 1;
    end else
      h <= h + 1;
  end
```

`h` ओळीतली जागा मोजतो, `v` ओळीचा क्रमांक. दोन्ही दहा बिटांचे, कारण नऊ बिटांत ५११ च्या पुढे जाता येत नाही. मोजणी दिसणाऱ्या भागापासून सुरू केली की बाकी सीमा नुसत्या बेरजेने निघतात: ६४० अधिक १६ म्हणजे ६५६ ला आडवा सिंक खाली जातो आणि ७५२ ला वर येतो, उभा सिंक ४९० आणि ४९१ या ओळींत खाली असतो.

आता चित्र. कोणत्याही ठोक्याला `h` आणि `v` यांवरून पडद्यावरची जागा कळते, म्हणून रंग हा त्या दोन संख्यांवरून काढायचा एक हिशोब ठरतो. दोन्हींचा पाचव्या क्रमांकाचा बिट (मोजणी शून्यापासून) दर ३२ ला पालटतो. ते दोन बिट वेगळे असतील तर पांढरा, सारखे असतील तर काळा, एवढ्याने ३२ पिक्सेलच्या चौकोनांचा बुद्धिबळाचा पट तयार होतो. आडवे २० आणि उभे १५ चौकोन काटेकोर बसतात.

```verilog
wire visible = (h < 640) && (v < 480);
wire box     = h[5] ^ v[5];

always @(posedge clk)
  if (tick) begin
    hsync <= ~(h >= 656 && h < 752);
    vsync <= ~(v >= 490 && v < 492);
    rgb   <= (visible && box) ? 12'hFFF : 12'h000;
  end
```

यातला `visible` शोभेचा नाही. मॉनिटर काळ्या रंगाची पातळी स्वतः ठरवत नाही. बॅक पोर्चमध्ये रंगाच्या तारांवर जे व्होल्टेज असेल तेच तो काळे धरतो. `visible` गाळला तर पट अदृश्य भागातही चालूच राहतो, आणि काही ओळींत ७६८ ते ७९९ या ठोक्यांना तारेवर पांढरा असतो. त्या पांढऱ्यालाच काळे मानले गेले की चित्र काळवंडते किंवा पट्ट्यापट्ट्यांनी अंधारते. कोडमध्ये रंगाचे सूत्र निर्दोष दिसत असल्यामुळे नवखा माणूस तासन्‌तास केबल हलवून पाहतो.

तिन्ही संकेत एकाच `always` खंडात ठेवण्यामागेही कारण आहे. रंग रजिस्टरमधून एक ठोका उशिरा निघतो. सिंक मात्र थेट काढले तर सगळे चित्र एक पिक्सेल उजवीकडे सरकते आणि शेवटचा स्तंभ फ्रंट पोर्चमध्ये जातो. पटाकडे पाहून हे कळत नाही. त्यासाठी कडेने एक पिक्सेल जाडीची चौकट काढावी: `h` ० किंवा ६३९, `v` ० किंवा ४७९. तरीही एलसीडी मॉनिटरवर स्वयंचलित जुळवणीचे बटण दाबले तर तो चित्र सरकवून चूक झाकू शकतो.

त्याहून लबाड चूक म्हणजे ७९९ ऐवजी ८०० लिहिणे. ओळ ८०१ ठोक्यांची होते आणि पट जवळजवळ पहिल्यासारखाच दिसतो. पण एलसीडी मॉनिटर आलेल्या ओळीचे आपल्या हिशोबाने ८०० भाग पाडून नमुने घेतो, त्यामुळे ओळीत पुढे जावे तसे नमुने पिक्सेलच्या कडेकडे घसरत जातात. `h[0]` वापरून एकाआड एक काळ्यापांढऱ्या रेघा काढल्या की अशा जागी राखाडी पट्टा उमटतो. मात्र मोठ्या पडद्यावर ६४० पिक्सेल ताणून दाखवताना रेघा तशाही मऊ पडतात, तेव्हा नुसत्या डोळ्यावर विसंबू नये.

म्हणून बोर्डावर चढवण्याआधी सिम्युलेटरमध्ये चार अंतरे मोजली जातात. २५ मेगाहर्ट्झला एक ठोका ४० नॅनोसेकंदांचा. आडवा सिंक दर ३२ मायक्रोसेकंदांनी यावा आणि ३.८४ मायक्रोसेकंद खाली राहावा. उभा सिंक ६४ मायक्रोसेकंद खाली राहावा आणि १६.८ मिलिसेकंदांनी परत यावा. पहिले अंतर ३२.०४ आले, तर ८०० ची चूक तिथेच सापडते. हे चारही आकडे जुळूनही पडदा ‘सिग्नल नाही’ म्हणत असेल, तर मोर्चा कोडकडून पिनांच्या यादीकडे वळवावा: `hsync` आणि `vsync` यांची अदलाबदल तिथेच होते.