अणुत्रिज्या: आवर्तात घट, गणात वाढ

आवर्तसारणीच्या एखाद्या आडव्या ओळीत, म्हणजे आवर्तात, डावीकडून उजवीकडे जाताना प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन दोन्हींची संख्या वाढत असल्यामुळे अणूही मोठा होत जात असला पाहिजे, असे सहज गृहीत धरले जाते. फ्लुओरिनचा अणू लिथिअमच्या अणूच्या सुमारे पावणेतीनपट जड असल्याने हा समज अधिकच पक्का होतो. परंतु सहसंयुज बंधांच्या लांबीवरून तयार केलेल्या एका प्रचलित तक्त्यात लिथिअमची त्रिज्या 128 पिकोमीटर, तर फ्लुओरिनची अवघी 57 पिकोमीटर आहे (पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग). अणूचे जवळजवळ सर्व वस्तुमान अतिशय लहान अशा केंद्रकात एकवटलेले असते आणि अणूचा आकार मात्र सर्वांत बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून किती दूर वावरतात यावर ठरतो; म्हणून वजनावरून आकाराचा अंदाज बांधता येत नाही.

यापेक्षा चिवट गैरसमज असा की, केंद्रकाची ओढ सर्व इलेक्ट्रॉनांत वाटली जाते, आणि प्रत्येक नव्या प्रोटॉनबरोबर एक नवा इलेक्ट्रॉनही येत असल्याने प्रत्येकाच्या वाट्याचे आकर्षण तेवढेच राहते. तसे असते तर आवर्तात त्रिज्या घटण्याचे कारणच उरले नसते. कूलाँबच्या नियमानुसार केंद्रक प्रत्येक इलेक्ट्रॉनला आपल्या पूर्ण प्रभाराने ओढते. इतर इलेक्ट्रॉन त्या ओढीत वाटा मागत नाहीत, ते केवळ आपल्या प्रतिकर्षणाने तिचा काही भाग निष्प्रभ करतात. यालाच परिरक्षण म्हणतात, आणि ते वजा केल्यावर बाहेरच्या इलेक्ट्रॉनला जाणवणारा जो प्रभार उरतो, तो परिणामी केंद्रकीय प्रभार होय. आतल्या कवचातील इलेक्ट्रॉन बाहेरच्याचे चांगले परिरक्षण करतात, पण एकाच कवचातील सोबती फारच थोडे करतात, आणि सगळे गमक येथेच आहे.

जॉन स्लेटर यांनी 1930 मध्ये मांडलेल्या ढोबळ नियमांनुसार लगतच्या आतल्या कवचातील प्रत्येक इलेक्ट्रॉन 0.85 इतका, तर त्याच कवचातील प्रत्येक सोबती 0.35 इतका प्रभार झाकतो. लिथिअमच्या 3 प्रोटॉनांतून आतल्या दोन इलेक्ट्रॉनांचे 1.70 वजा केले की 1.30 उरतात. फ्लुओरिनमध्ये 9 प्रोटॉनांतून तेच 1.70 आणि सहा सोबत्यांचे 2.10 वजा जाऊन 5.20 उरतात. कवच तेच, ओढ मात्र चौपट; म्हणून अणू आक्रसतो.

उभ्या स्तंभात, म्हणजे गणात, खाली जाताना त्रिज्या वाढते, याचे श्रेय पाठांतरात बहुधा फक्त परिरक्षणाला दिले जाते: कवचे वाढली, परिरक्षण वाढले, म्हणून जाणवणारा प्रभार घटला. यातील शेवटचा दुवा चुकीचा आहे. सोडिअमच्या 11 प्रोटॉनांतून लगतच्या आठ इलेक्ट्रॉनांचे 6.80 आणि सर्वांत आतल्या दोघांचे पूर्ण 2 वजा केले, तरी 2.20 उरतात, म्हणजे लिथिअमपेक्षा जास्तच. आणि पोटॅशिअमसाठीही याच पद्धतीने 2.20 येतात. तरीही त्रिज्या 128 वरून 166 आणि मग 203 पिकोमीटर होते, कारण बाहेरचा इलेक्ट्रॉन दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या अशा चढत्या कवचात असतो आणि कवचाचा विस्तार साधारणपणे कवच क्रमांकाच्या वर्गाला परिणामी प्रभाराने भागून येणाऱ्या संख्येच्या प्रमाणात असतो. लिथिअमसाठी ही संख्या 4 भागिले 1.30, म्हणजे सुमारे 3.1 आहे, सोडिअमसाठी 9 भागिले 2.20, म्हणजे सुमारे 4.1, आणि फ्लुओरिनसाठी जेमतेम 0.8. हे गणित फरक फुगवून दाखवते, दिशा मात्र अचूक सांगते.

अणूला गोटीसारखी ठाम कड नसल्याने त्रिज्या नेहमी काही ठरावीक व्याख्येनेच मोजावी लागते. काही तक्त्यांत निऑन फ्लुओरिनपेक्षा एकदम मोठा दिसतो, तो बंध न करणाऱ्या निऑनची त्रिज्या दोन न जुळलेल्या अणूंमधील अंतरावरून काढलेली असते म्हणून. गणिताने काढलेल्या त्रिज्यांत तो फ्लुओरिनपेक्षा लहानच ठरतो.

गणात त्रिज्या वाढतेच, असाही नियम नाही. झिर्कोनिअमखालील हाफ्निअममध्ये एक कवच जास्त असूनही दोन्हींची धातू-त्रिज्या सुमारे 160 पिकोमीटर आहे, कारण मधल्या लँथॅनाइड मूलद्रव्यांत भरले जाणारे चौदा f-इलेक्ट्रॉन परिरक्षणात दुबळे असतात आणि सोबत आलेल्या चौदा प्रोटॉनांची ओढ बरीचशी उघडी राहते. आकार आणि रासायनिक वागणूक इतकी सारखी असल्यामुळे हाफ्निअम झिर्कोनिअमच्या खनिजांतच मिसळलेले असूनही दीर्घकाळ ओळखले गेले नाही. ते 1923 मध्ये डर्क कोस्टर आणि जॉर्ज हेवेशी यांनी कोपनहेगनमध्ये क्ष-किरण वर्णपटावरून शोधले.