डोळ्यांखालची काळी वर्तुळे: रंग एकसारखा, कारणे निरनिराळी

डोळ्यांभोवती दिसणारी काळी वर्तुळे हा एकच विकार मानून त्यावर एकच मलम शोधण्याची सवय सर्वत्र दिसते. प्रत्यक्षात मात्र त्या काळपटपणामागे त्वचेत साठलेले रंगद्रव्य असू शकते, पातळ त्वचेखालून दिसणारे रक्त असू शकते, डोळ्याखालच्या खळगीची नुसती सावली असू शकते किंवा अॅलर्जीमुळे वारंवार चोळली गेलेली त्वचा असू शकते. बहुतेक चेहऱ्यांवर यांतील दोन-तीन कारणे एकत्र नांदतात आणि मलम त्यांपैकी एखाद्याच कारणापर्यंत पोहोचू शकते, म्हणून आधी कारण ओळखणे आणि मग उपाय ठरवणे हा क्रम येथे विशेष महत्त्वाचा ठरतो.

पापणीची त्वचा ही शरीरातील सर्वांत पातळ त्वचा असून तिची जाडी साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. गालावर त्वचेखाली चरबीचा थर असतो, तो पापणीत जवळजवळ नसतो, त्यामुळे डोळा मिटणारा गोलाकार स्नायू आणि त्यावरील बारीक रक्तवाहिन्या त्वचेच्या अगदी लगत येतात. वाढत्या वयात त्वचा आणखी विरळ होते आणि गालावरची चरबी खाली ओघळते, तेव्हा आतला निळसर-जांभळा रंग अधिक उघडा पडतो आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून गालाकडे जाणारी खळगी खोल होते. गोऱ्या त्वचेत शिरांचा निळेपणा आधी नजरेत भरतो, तर सावळ्या त्वचेत मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारे द्रव्य, मुळातच अधिक असल्याने तपकिरी छटा वरचढ ठरते. अनेक भारतीय कुटुंबांत ही छटा आनुवंशिक असते आणि ती लहान वयातही दिसते.

कारणांतला हा फरक ओळखण्याची त्वचारोगतज्ज्ञांची एक साधी रीत आहे. दिवसाच्या उजेडात खिडकीसमोर बसून आरशात पाहत खालच्या पापणीची त्वचा बोटाने हलकेच खाली ताणली, की तीन वेगवेगळ्या गोष्टी घडू शकतात. तपकिरी रंग जसाच्या तसा राहिला, तर तो रंगद्रव्याचा समजावा. त्वचा ताणली गेल्याने निळसर-जांभळी छटा अधिक गडद झाली, तर ती खालच्या रक्तवाहिन्यांची असते. आणि चेहरा उजेडाकडे वर करताच किंवा त्वचा ताणताच काळेपणा विरला, तर ती खळगीची सावली असते. या रीतीची एक मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. मेलॅनिन त्वचेच्या वरच्या थरात असेल तर ते तपकिरी दिसते, पण तेच खालच्या थरात उतरले तर प्रकाशाच्या विखुरण्यामुळे राखाडी-निळसर भासते आणि शिरांशी त्याची गल्लत होते. अशा वेळी तज्ज्ञ ‘वुड्स लॅम्प’ हा अतिनील प्रकाशाचा दिवा वापरतात, कारण त्याच्या प्रकाशात वरच्या थरातील रंगद्रव्य ठळक उठून दिसते, खोलवरचे तसे दिसत नाही.

अॅलर्जी हे कारण पुण्याच्या संदर्भात स्वतंत्रपणे पाहण्याजोगे आहे. गाजरगवत किंवा काँग्रेस गवत या नावाने ओळखली जाणारी पार्थेनियम ही परदेशी वनस्पती भारतात आल्याची नोंद वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी 1956 मध्ये पुण्यातूनच प्रसिद्ध केली, आणि पुढे 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून पुण्यातील लोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गवताने होणाऱ्या त्वचादाहाचे वर्णन केले. या गवतातील पार्थेनिन हे द्रव्य अॅलर्जी जागवते आणि गवताचे सुके, हलके कण वाऱ्याबरोबर उडून उघड्या अंगावर बसतात, म्हणून पापण्या, मान आणि कोपरांच्या घड्या या जागा प्रथम खाजू लागतात. याखेरीज परागकणांच्या अॅलर्जीने नाकातील आवरण सुजले, तर डोळ्यांखालून नाकाच्या बाजूने परतणारे रक्त तुंबते आणि शिंकांबरोबर निळसर वर्तुळे दिसू लागतात. पहिल्या प्रकारात त्वचाच बिघडते, दुसऱ्यात ती निरोगी असून केवळ खालचे रक्त साचते. मात्र दोन्हींत डोळे सतत चोळले गेले, तर त्या घर्षणानेच नवे मेलॅनिन तयार होते.

उदाहरणादाखल शहराच्या कडेला, मोकळ्या भूखंडांच्या शेजारी राहणारी आणि रोज दुचाकीवरून कामाला जाणारी एक स्त्री घेता येईल. पुण्यातील असंख्य मुलीबाळींप्रमाणे ती स्कार्फने चेहरा गच्च बांधते, त्यामुळे डोळ्यांभोवतीचा पट्टा तेवढा ऊन, धूळ आणि गवताचे कण यांच्या तोंडी राहतो आणि न धुतलेल्या स्कार्फच्या घडीत साचलेले कण दुसऱ्या दिवशी पुन्हा पापण्यांना लागतात. दोन वर्षे डोळ्यांखालच्या क्रीमचा उपयोग होत नाही आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात, गवत फुलून सुकू लागताच, खाज वाढते. तपासणीत खालच्या पापणीइतकीच वरची पापणीही काळी, खरखरीत आणि जाड रेघांची आढळते, मानेवरही तसाच पट्टा असतो. नुसत्या शिरांमुळे किंवा सावलीमुळे असे घडत नाही. त्यामुळे डॉक्टर पॅच टेस्ट करतात, म्हणजे संशयित द्रव्यांच्या छोट्या चकत्या पाठीवर चिकटवून दोन दिवसांनी आणि पुन्हा चौथ्या दिवशी ती जागा पाहतात. केसांचा कलप आणि नखांचे पॉलिश यांतील द्रव्येही या चाचणीत तपासावी लागतात, कारण हात डोळ्याला लागल्याने त्यांचाही दाह पापणीवरच उमटतो. येथे गाजरगवताच्या चकतीखालची त्वचा लाल होऊन फुगते. त्यानंतर डोळे बाजूंनीही झाकणारा गॉगल, रोज धुतलेला स्कार्फ, घरी येताच चेहरा धुणे आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालचे दाहशामक मलम यांनी आधी खाज थांबते, मग जाडी उतरते आणि तपकिरी रंग मात्र कित्येक महिन्यांत हळूहळू फिका होतो.

मलमांची मर्यादा यावरून स्पष्ट होते. व्हिटॅमिन सी, कोजिक अॅसिड किंवा नायसिनमाइड असलेली क्रीम वरच्या थरातील रंगद्रव्य काही अंशी कमी करतात, कॅफिन रक्तवाहिन्या काही तासांपुरत्या आकुंचित करते आणि रेटिनॉल महिनोन्महिने वापरल्यावर त्वचेला किंचित भरीवपणा देते, मात्र त्याचाच दाह झाला तर काळेपणा उलट वाढतो. खोल थरात उतरलेले मेलॅनिन, त्वचेखालच्या शिरा आणि हाडा-चरबीच्या रचनेतून पडणारी सावली यांवर कोणत्याही क्रीमची मात्रा कायमची चालत नाही. त्यांसाठी लेझर किंवा फिलर, म्हणजे खळगी भरणारे इंजेक्शन, हे पर्याय असले तरी डोळ्याजवळ त्यांचे धोकेही आहेत आणि ते निष्णात हातांतच सोपवावेत. सर्वाधिक हानी होते ती औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना आणलेल्या स्टेरॉइडयुक्त गोरेपणाच्या क्रीमने. तिने आठवड्याभरात रंग उजळतो, पण सततच्या वापराने आधीच पातळ असलेली पापणी आणखी विरळ होऊन शिरा ठळक होतात, तसेच डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू आणि कालांतराने मोतीबिंदूही होऊ शकतो. 2018 मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे शेड्यूल एच या यादीत घातली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई आहे.

वरील उदाहरणातील स्त्रीच्या पापण्या वर्षाअखेरीस मऊ आणि स्वच्छ होतात, तरी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातील फिकट निळसर छटा तशीच राहते आणि त्वचा ताणली की ती अधिकच दिसते. ती छटा तिच्या आईच्या चेहऱ्यावरही असते. ती आजाराची उरलेली खूण नाही, पातळ त्वचेतून दिसणाऱ्या रक्ताचा तो रंग आहे, आणि त्या छटेसाठी मलमाची नवी नळी विकत आणण्याचे कारण उरत नाही.