साडेचार तास शोध, दहा मिनिटं दुरुस्ती

रात्रपाळीत पॅकिंग लाइन थांबते. खोका जागेवर आलेला असतो, पण त्याला धरणारा क्लॅम्प पुढे सरकत नाही. टेक्निशियन हवेचा दाब बघतो, व्हॉल्व्ह हातानं दाबून पाहतो, मग पॅनेल उघडून वायरी हलवतो. शेवटी मशीन बनवणाऱ्या कंपनीला फोन जातो आणि पहाटे त्यांचा इंजिनिअर लॅपटॉप घेऊन येतो. सिलिंडरवरचा रीड स्विच, म्हणजे दांडा मागे आला की नाही हे सांगणारा बोटाएवढा सेन्सर, जागेवरून घसरलेला निघतो. तो सरकवून घट्ट करायला दहा मिनिटं लागतात. त्याआधीचे साडेचार तास नुसते शोधण्यात आणि वाट बघण्यात गेलेले असतात.

टेक्निशियनना पीएलसी शिकवण्यासाठी मेंटेनन्स प्रमुखानं व्यवस्थापनाला लिहायच्या पत्राची सुरुवात खरं तर इथूनच व्हायला हवी. बहुतेक पत्रं मात्र ‘बदलत्या तंत्रज्ञानाच्या युगात’ अशी सुरू होतात आणि तिथंच मार खातात.

पीएलसी हा पॅनेलमधला छोटा संगणक. सेन्सर आणि बटणांकडून आलेले सिग्नल तो वाचतो, साठवलेला प्रोग्राम चालवतो आणि मोटारी, व्हॉल्व्ह यांना हुकूम देतो. हे सेकंदाला कित्येकदा घडतं. १९६८ साली जनरल मोटर्सला रिलेंच्या पॅनेलचा वैताग आला होता, कारण गाडीचं मॉडेल बदललं की सगळं वायरिंग पुन्हा करावं लागे. त्यांच्या मागणीतून पहिल्या पीएलसींपैकी एक तयार झाला. इलेक्ट्रिशियनला वाचता यावा म्हणून प्रोग्राम रिले सर्किटच्या आकृतीसारखाच ठेवला गेला. तिला लॅडर म्हणतात. आपल्या क्लॅम्पची ओळ अशी असू शकते:

```
 I0.2    I0.4    I0.5       Q0.3
--| |-----| |-----| |-------( )--
```

खोका आला, दार बंद आहे, सिलिंडर मागे आहे. हे तिन्ही जुळलं की Q0.3 चालू होतो आणि क्लॅम्प पुढे जातो. लॅपटॉप जोडला की जुळलेले संपर्क पडद्यावर वेगळ्या रंगात दिसतात. I0.5 जुळलेला नाही हे दिसलं, की टेक्निशियन थेट त्या स्विचपाशी जातो. आयटीआय झालेल्या वायरमनला रिले सर्किट येतच असतं, त्यामुळे एवढं वाचणं त्याला परकं वाटत नाही.

पत्राचा खरा आधार म्हणजे ब्रेकडाऊन रजिस्टर. त्यात बहुधा ‘लाइन बंद, ५ तास’ एवढंच असतं. ते पाच तास शोधणं, वाट बघणं आणि प्रत्यक्ष दुरुस्ती असे फोडून तीन-चार महिने लिहिले, तर अर्ध पत्र लिहून झालंच.

हिशोबासाठी समजा, वर्षात पीएलसीशी संबंधित ४६ तास लाइन थांबली. त्यातले ३७ शोधण्यात आणि वाट बघण्यात गेले. प्रशिक्षणानं सगळे वाचतील असं लिहू नये. जवळपास निम्मे, म्हणजे १८ तास धरावेत. तासाचं नुकसान विक्रीच्या रकमेवर काढलं, तर अकाउंट्सवाले पहिल्याच वाचनात पत्र बाजूला ठेवतील. कच्चा माल वजा जाता जे उरतं तेच बुडतं, आणि रविवारी ओव्हरटाइम लावून माल भरून काढला असेल तर फक्त तो ओव्हरटाइम धरायचा. तासाला २०,००० रुपये धरले, तरी ३,६०,००० होतात. चौघांची फी, सरावासाठी छोटा पीएलसी, सॉफ्टवेअर आणि केबल यांचे समजा २,१०,०००. यात एक खर्च हमखास विसरला जातो: चौघं वर्गात असताना त्यांची पाळी कोण सांभाळणार? त्याचे आणखी ३०,००० लिहिलेले बरे. ते नंतर मागायला जाणं फार अवघड असतं.

‘शिकवलं की सोडून जातील’ हे उत्तर येणारच. त्यावर बाँडपेक्षा दोघादोघांच्या तुकड्या पाठवणं मला शहाणपणाचं वाटतं. एक गेला तरी दुसरा उरतो.

व्यवस्थापनाची दुसरी भीती मात्र खरी आहे. प्रोग्राम वाचता येणाऱ्याला तो बदलताही येतो. घाईत दाराचा सिग्नल फोर्स करून, म्हणजे दार उघडं असताना बंद असल्याचं भासवून, कुणी लाइन सुरू केली आणि फोर्स काढायचं राहिलं, तर पुढच्या पाळीतल्या माणसाचा हात जाईल. म्हणून पत्रातच लिहून द्यावं की टेक्निशियन फक्त वाचतील, बदल प्रमुखाच्या सहीनंच होईल, आणि आधीची प्रत जपून ठेवली जाईल.

आणि पत्र पाठवण्यापूर्वी एकदा लॅपटॉप जोडून बघावा. मशीन बनवणाऱ्यानं प्रोग्रामला पासवर्ड लावला असेल, तर चौघं शिकून आले तरी त्यांना ती लॅडर दिसणारच नाही. मग पहिली मागणी प्रशिक्षणाची नाही, पुरवठादाराकडून पासवर्ड आणि प्रोग्रामची प्रत मिळवून देण्याची करावी लागेल. आणि नव्या मशीनच्या खरेदीच्या ऑर्डरमध्ये ती अट पैसे चुकते करण्याआधीच घालावी लागेल.